वाक्य कळलं नाही, तर लेखकाला काय आणि कसं विचारावं

प्रश्न: «मी काही महिन्यांपासून लेख आणि अहवाल यांच्या संपादनाचं काम करतोय. एखादं वाक्य नीट लागत नाही, तेव्हा संदर्भावरून अंदाज घेऊन ते सरळ करून टाकतो. लेखकाला विचारलं तर त्याला राग येईल, किंवा मलाच काही कळत नाही असं वाटेल, अशी भीती वाटते. प्रत्येक वेळी विचारायलाच हवं का? आणि विचारायचं तर कसं?»

प्रत्येक वेळी नाही. पण कधी विचारायचं हे भीतीवर ठरवू नका, कारण अंदाजानं केलेल्या दुरुस्तीत एक वेगळाच धोका असतो. मूळ अडखळणारं वाक्य वाचताना वाचक निदान थांबतो, त्याला शंका येते. तुम्ही ते गुळगुळीत केलंत की ती शंकाही जाते. अर्थ चुकीचा लागला असेल, तरी व्याकरण शुद्ध, प्रवाह छान, कुणालाच काही खटकत नाही. लेखकालाही खटकेलच असं नाही. तो मुद्रितं चाळतो तेव्हा त्याच्या डोक्यात त्याला म्हणायचं होतं तेच असतं आणि कागदावर तो तेच वाचतो. अडखळणाऱ्या वाक्याची चूक पुढच्या माणसाला सापडू शकते, सफाईदार वाक्याची चूक बहुतेकदा छापून येते.

आता, आपण समजून घेतोय की अंदाज करतोय हे ओळखायचं कसं? मी स्वतःला एकच गोष्ट विचारते: लेखकानं उद्या हरकत घेतली, तर हा अर्थ मी कशावरून घेतला ते त्याच मजकुरात बोट ठेवून दाखवता येईल का? मागच्या परिच्छेदातलं एखादं वाक्य, तक्त्यातली एखादी ओळ, निष्कर्षातलं विधान, यांपैकी काहीही चालेल. दाखवता आलं तर वाक्य बिनधास्त दुरुस्त करा, बदल दिसेल असा ठेवा, प्रश्न नको. «असंच म्हणायचं असणार, दुसरं काय असेल?» एवढंच हातात असेल, तर तो अंदाज आहे. दुसरी खूण म्हणजे दुरुस्तीसाठी तुम्हाला मजकुरात नसलेला शब्द घालावा लागतो. «ही», «मात्र», «फक्त», «सुद्धा» हे शब्द छोटे दिसतात, पण प्रत्येक जण एक विधान घेऊन येतो. असा शब्द घालायला हात गेला की थांबायचं.

एक वाक्य घेऊन सगळं सांगते. अहवाल गुडघेदुखीवरच्या व्यायामांचा होता (तपशील थोडे बदलले आहेत). रुग्णांचे दोन गट होते. पहिल्या गटानं देखरेखीखाली व्यायाम केला, दुसऱ्यानं घरी पुस्तिका पाहून. त्यात हे वाक्य होतं:

«पहिल्या गटाप्रमाणे दुसऱ्या गटात वेदना कमी झाल्या नाहीत.»

पटकन वाचलं तर यात काही अडत नाही. प्रत्येकाला एक अर्थ लागतो आणि तो पुढे जातो. गंमत म्हणजे प्रत्येकाला तोच अर्थ लागत नाही. एक वाचक समजेल की पहिल्या गटात वेदना कमी झाल्या, दुसऱ्यात झाल्या नाहीत. दुसरा समजेल की कमी झाल्या नाहीत त्या दोन्ही गटांत. मराठीत «प्रमाणे» आणि वाक्याच्या शेवटचं «नाही» एकत्र आले की हा घोटाळा नेहमी होतो, कारण नकार तुलनेलाही लागू आहे की फक्त दुसऱ्या बाजूला, हे वाक्यरचनेवरून ठरत नाही. बोलताना आवाजाच्या चढउतारानं ते कळतं. कागदावर तो आवाज नसतो.

इथे घाईतला संपादक दोनपैकी एक करतो. «दुसऱ्या गटातही» लिहितो आणि दोन्ही गटांना अपयशी ठरवतो. नाहीतर «पहिल्या गटात वेदना कमी झाल्या, दुसऱ्या गटात मात्र झाल्या नाहीत» असं करतो आणि देखरेखीच्या बाजूनं निकाल देतो. दोन्ही वाक्यं मूळ वाक्यापेक्षा चांगली वाचली जातात. अहवालाचा मुख्य निष्कर्ष मात्र त्यातल्या एका «ही»वर फिरतो.

प्रश्न लिहिण्याआधी मी शोधलं. हे करायलाच हवं, कारण उत्तर मजकुरातच असताना विचारलेला प्रश्न लेखकाला खरोखर चिडवतो, आणि त्यात त्याची चूक नसते. मागच्या परिच्छेदात होतं, «सहा आठवड्यांनंतर पहिल्या गटातील वेदनांमध्ये बदल नोंदवण्यात आला.» बदल कोणत्या दिशेनं, ते नाही. निष्कर्षात होतं की घरच्या व्यायामाचा अभ्यास अधिक रुग्णांवर व्हावा, आणि हे वाक्य दोन्ही अर्थांशी जुळतं. तक्ते वेगळ्या फाइलमध्ये होते आणि ती फाइल माझ्याकडे आलेलीच नव्हती. म्हणजे बोट ठेवायला जागा नव्हती. विचारणं भाग होतं.

प्रश्न कसा लिहिला हे सांगण्याआधी, कसा लिहू नये हे जरा सविस्तर सांगते, कारण प्रश्नांचा कंटाळा येतो तो बहुतेक वेळा त्यांच्या घडणीमुळे.

«हे वाक्य बरोबर आहे का?» याचं उत्तर «हो» असं येतं. लेखकाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, त्यानंच लिहिलंय. तुम्ही होता तिथेच राहता, आणि आता पुन्हा विचारायचीही चोरी.

«अर्थ स्पष्ट करावा.» हा त्याहून महाग पडतो. लेखकाला काय अस्पष्ट आहे हेच कळत नाही, म्हणून तो सगळंच पुन्हा लिहितो. एका वाक्याच्या जागी पाच वाक्यांचा परिच्छेद येतो, त्यात नव्या शंका असतात, आणि मूळची शंका कधी कधी तशीच राहते.

«इथे दोन्ही गटांत वेदना कमी झाल्या नाहीत असं म्हणायचं आहे ना?» हा दिसायला सर्वांत चांगला आणि माझ्या मते सर्वांत घातक. तुम्ही एकच अर्थ पुढे ठेवलात आणि शेवटी «ना» लावलंत. लेखक घाईत असेल, मुद्रितांची तारीख जवळ आली असेल, तर तो मान डोलावून मोकळा होतो. तुमचा अंदाज तसाच राहतो, फक्त आता त्यावर लेखकाची सही असते.

मी समासात हे लिहिलं:

«“पहिल्या गटाप्रमाणे दुसऱ्या गटात वेदना कमी झाल्या नाहीत”: वाचकाला याचे दोन अर्थ लागू शकतात. (अ) पहिल्या गटात कमी झाल्या, दुसऱ्यात झाल्या नाहीत. (ब) दोन्ही गटांत कमी झाल्या नाहीत. यांपैकी कोणता? दोन्ही नसल्यास नेमकं काय ते एका ओळीत कळवावं.»

यात चार गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला कारण आहे. ज्या शब्दांबद्दल प्रश्न आहे ते शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत. फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की पान आणि ओळ बदलते, शब्द बदलत नाहीत. अडचण लेखकाच्या नव्हे, वाचकाच्या बाजूनं मांडली आहे. «तुमचं वाक्य संदिग्ध आहे» हा शेरा झाला. «वाचकाला दोन अर्थ लागू शकतात» हे घडणाऱ्या गोष्टीचं वर्णन झालं, आणि ते खरंही आहे. दोन्ही अर्थ सारख्याच वजनानं, सारख्याच लांबीत लिहिले आहेत, म्हणजे माझा कल कुठे आहे ते दिसत नाही. माझा कल होता. पहिला अर्थ मला जास्त संभवनीय वाटत होता, पण तो प्रश्नात डोकावू द्यायचा नाही असा मी नियम पाळते. आणि शेवटी तिसरी वाट मोकळी ठेवली आहे.

ही शेवटची ओळ अनेक जण गाळतात. माझं म्हणणं आहे की तीच सर्वांत महत्त्वाची. या अहवालाच्या लेखिकेचं उत्तर आलं ते असं: «दोन्ही नाही. दुसऱ्या गटातही वेदना कमी झाल्या, पण पहिल्याइतक्या नाहीत. दहाच्या मोजपट्टीवर पहिल्या गटाची सरासरी ७ वरून ३, दुसऱ्याची ७ वरून ५.»

म्हणजे «पहिल्या गटाप्रमाणे नाही» याचा तिच्या मनातला अर्थ «पहिल्या गटाच्या प्रमाणात नाही» असा होता. वाक्य पुन्हा वाचा, हा अर्थही त्यात बसतो. मला तो दिसला नव्हता, आणि मला सुचलेल्या दोन्ही अर्थांत दुसऱ्या गटाला काहीच फायदा झाला नव्हता. घरी पुस्तिका पाहून व्यायाम करणाऱ्यालाही थोडा आराम मिळतो, ही अहवालातली कदाचित सर्वांत उपयोगी गोष्ट माझ्या दोन्ही पर्यायांत पुसली गेली असती. शेवटी वाक्य असं झालं: «दुसऱ्या गटातही वेदना कमी झाल्या, परंतु पहिल्या गटाइतक्या नाहीत (पहिला गट: सरासरी ७ वरून ३, दुसरा गट: ७ वरून ५).» आकडे कंसात घालू का, तेही त्याच निरोपात विचारून घेतलं. तिनं हो म्हटलं.

तुमच्या कामात «प्रमाणे»खेरीज आणखी काही जागा वारंवार येतील, म्हणून तीन-चार सांगते. «सर्व सभासदांनी वर्गणी भरलेली नाही»: एकानंही भरली नाही, की काहींनी भरायची राहिली? «डॉक्टरांनी सुचवले»: एक डॉक्टर आदरार्थी, की अनेक? एकाच व्यक्तीची शिफारस आणि पूर्ण पथकाची शिफारस यांचं वजन वेगळं असतं, आणि मराठी प्रत्ययांवरून ते कळत नाही. «आपण हे फॉर्म भरून द्यावेत»: वाचकानं, की लिहिणाऱ्यासकट सगळ्यांनी? आणि «पर्यंत». «१५ तारखेपर्यंत अर्ज स्वीकारले जातील» यात १५ तारीख धरायची की नाही, यावर माणसं खरोखर भांडतात. अशा ठिकाणी प्रश्न दोन ओळींतच होतो, कारण पर्याय मुळातच दोन असतात.

कधी पर्यायच सुचत नाहीत. वाक्य इतकं मोडलेलं असतं की एकही अर्थ लागत नाही. तेव्हा खोटे पर्याय तयार करत बसू नका. जिथपर्यंत कळलं तिथपर्यंत सांगा आणि कुठे सुटलं ते दाखवा: «“नोंदी न ठेवल्यामुळे” इथपर्यंत लागतं. “त्यामुळे झालेला” यातला “त्यामुळे” कशासाठी आहे? नोंदी न ठेवणं, की उशीर?» एवढं नेमकं विचारलं तरी पुरतं.

आता जागेचं. प्रश्न समासातल्या कॉमेंटमध्ये ठेवा आणि उत्तर येईपर्यंत मूळ वाक्याला हात लावू नका. वर्डमध्ये काम करत असाल तर नेमके शब्द निवडून Ctrl+Alt+M दाबलं की कॉमेंट त्याच शब्दांना चिकटते. अनेक जण मजकुरात आपला अंदाज घालतात आणि समासात «ठीक आहे का?» असं विचारतात. उत्तर आलं नाही, किंवा कुणीतरी सगळे बदल एकदम स्वीकारायचं बटण दाबलं, तर तो अंदाज निमूटपणे कायम होतो. मजकुराच्या ओळीतच कंस करून प्रश्न लिहायची सवयही सोडा. असे कंस छापून आलेले मी पाहिले आहेत. फाइल मांडणीला देण्यापूर्वी सगळ्या कॉमेंट काढल्याची खात्री करा, पण प्रश्नोत्तरांसहितची एक प्रत वेगळी जपून ठेवा. सहा महिन्यांनी कुणी «हे कुणी बदललं?» असं विचारलं तर ती कामी येते.

शक्य तितके प्रश्न मांडणीच्या आधीच विचारा. पानं लागल्यावर एका वाक्यात पाच शब्द वाढले की परिच्छेद पुढे सरकतो, कधी पान सरकतं, सूचीतले पृष्ठक्रमांक बदलतात. तेव्हा लेखकही कातावतो आणि मांडणी करणाराही, आणि त्या कातावण्याला अर्थ असतो.

किती प्रश्न विचारावेत, हे मात्र परिस्थितीवर आहे. लेखक नवखा आहे की मुरलेला, विषय नियमांचा आहे की ललित, हाताशी दोन दिवस आहेत की दोन तास, यावर ते ठरतं. मी आकडा ठरवत नाही, चाळणी लावते. चुकीचा अर्थ छापला तर कुणी चुकीचं काही करेल का? औषधाचं प्रमाण, तारीख, जबाबदारी कोणाची, निष्कर्ष कोणत्या बाजूनं, हे प्रश्न कितीही असले तरी विचारायचे. ललित लेखातली धूसर प्रतिमा मी बहुधा तशीच सोडते, कारण तिथे दोन अर्थ असणं हेच कधी कधी लेखकाला हवं असतं. शुद्धलेखन, विरामचिन्हं, कोशात पाहून किंवा नकाशावर तपासून कळेल अशा गोष्टी, यांसाठी लेखकाकडे जायचंच नाही. ते आपलं काम. अपवाद एवढाच की स्वल्पविरामाची जागा बदलल्यानं अर्थ बदलत असेल, तर तो विरामचिन्हाचा प्रश्न राहत नाही.

एकच घोळ लेखभर पुन्हा पुन्हा येत असेल, तर प्रत्येक ठिकाणी टोचू नका. पहिल्या जागी पूर्ण प्रश्न, आणि त्यातच लिहा: «हीच रचना पुढे आणखी सात ठिकाणी आहे. आपलं उत्तर सगळीकडे लागू करू, की काही जागा वेगळ्या आहेत?» लेखकाला एकदाच विचार करावा लागतो, आणि आपली एक सवय त्याला स्वतःहून दिसते. सगळे प्रश्न एकाच वेळी पाठवा. दिवसभर एकेक निरोप येत राहिला तर कोणीही वैतागेल.

रागाची भीती तुम्ही मांडली आहे, त्याबद्दल अनुभवानं एवढं सांगते की लेखक चिडतात ते मुख्यतः दोन गोष्टींवर: न विचारता अर्थ बदलला तर, आणि ज्याचं उत्तर दहा ओळी वर लिहिलेलं आहे ते विचारलं तर. नेमके पर्याय असलेल्या छोट्या प्रश्नाला बहुतेक जण एका अक्षरात उत्तर देतात, «ब». ज्याला तुमचा प्रश्न वाचून दोन अर्थ खरोखर दिसतात, त्याला तुम्ही मजकूर काळजीपूर्वक वाचलात हेही दिसतं. काही लेखक तरीही फणकारतात. «साधं वाक्य आहे, यात न कळण्यासारखं काय?» असं उत्तर आलं, तर वाद घालू नका. दोन्ही अर्थ पुन्हा तसेच लिहा आणि फक्त «अ की ब?» एवढं विचारा. तुमच्या शंकेवर विश्वास बसत नसेल, तर ते वाक्य संदर्भ न सांगता दुसऱ्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि त्याला काय कळलं ते विचारा. त्याला वेगळा अर्थ लागला, की प्रश्न विचारायला आणखी कारण लागत नाही.

उरला तो प्रसंग, ज्यात उत्तर येतच नाही. इथे बरेच संपादक प्रश्नातच लिहून टाकतात, «अमुक दिवसात उत्तर न आल्यास (अ) गृहीत धरू.» शैलीच्या, लेखनाच्या एकरूपतेच्या प्रश्नांना मी हे चालवून घेते. अर्थाच्या प्रश्नाला नाही, कारण मग आपण अंदाजच करतो, फक्त तारीख लावून. आधी दुसऱ्या मार्गानं विचारा. ईमेलला उत्तर नसेल तर फोन करा आणि फोनवरही तेच दोन पर्याय वाचून दाखवा. सहलेखक असेल तर त्याला विचारा. तरीही काही कळलं नाही आणि मजकूर जायलाच हवा असेल, तर वाक्याशिवाय काम भागतं का ते पाहा आणि भागत असेल तर ते वगळायची परवानगी तुमच्या वरिष्ठांकडून घ्या. भागत नसेल, तर मूळ वाक्य जसंच्या तसं ठेवा, दोन अर्थांसकट. लेखक हयात नसेल तरीही हेच करायचं. फार तर तळटीपेत «मुळात असेच» एवढी नोंद द्यायची. आणि निर्णय वरिष्ठांनी घेतला असेल, तर कुणी, कोणत्या दिवशी घेतला ते जपून ठेवलेल्या प्रतीत त्या वाक्यासमोर लिहून ठेवा.